रिकाम्या मोटरची भूक

अकोल्याच्या एमआयडीसीतली एखादी दालमिल घ्या. तूर भरणारा एलिव्हेटर आहे, त्याच्या डोक्यावर ५ एचपीची मोटर आहे. हॉपरमध्ये धान्य नाही, बकेट रिकाम्याच वर जातायत आणि रिकाम्याच खाली येतायत. वायरमन मोटरच्या एका वायरभोवती क्लिप मीटर अडकवतो. आकडा दिसतो ३.३ अँपिअर. पूर्ण ओझं दिल्यावर हीच मोटर साधारण ७.४ अँपिअर घेते. म्हणजे काहीही काम न करता ती जवळपास निम्मा करंट घेतेय. "खाली फिरून राह्यली, पण अँपिअर तं खाऊनच राह्यली," असं वऱ्हाडी वायरमन म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही.

आता कोडं इथून सुरू होतं. ४१५ व्होल्टच्या तीन फेजांवर ३.३ अँपिअर म्हणजे हिशेबाने २.३७ केव्हीए होतात. एवढी वीज खरोखर खर्च झाली असती तर ती कुठेतरी उष्णता म्हणून दिसायला हवी होती. दोन-सव्वादोन किलोवॉट म्हणजे पाणी तापवायचं चांगलं मोठं हीटर. पण मोटरच्या अंगावर हात ठेवला तर ती जेमतेम कोमट लागते. युनिट मोजणारं मीटर म्हणतं की ही मोटर ०.३ किलोवॉटच्या आसपास घेतेय, तेही बेअरिंगच्या घर्षणात, पंख्यात आणि लोखंडात जातंय. मग बाकीचा करंट करतोय काय?

तो मोटरच्या आत एका फटीत जातो. इंडक्शन मोटरचा बाहेरचा भाग म्हणजे स्टेटर, त्यात तांब्याची वाइंडिंग. आतला फिरणारा भाग म्हणजे रोटर. रोटरला बाहेरून एकही वायर जोडलेली नसते. १८८८ मध्ये इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनी आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, फिरत्या चुंबकक्षेत्राची कल्पना जगासमोर मांडली: स्टेटरमध्ये चुंबकक्षेत्र गरगर फिरवलं की ते रोटरमध्ये आपोआप करंट निर्माण करतं आणि रोटरला स्वतःमागे ओढत नेतं. कार्बन ब्रश नाही, घासणारा भाग नाही. म्हणूनच ही मोटर धुळीत, भुशात, उन्हात वर्षानुवर्षं चालते आणि म्हणूनच प्रत्येक दालमिलमध्ये, जिनिंगमध्ये, आटाचक्कीत तीच असते.

पण चुंबकक्षेत्राला स्टेटरमधून रोटरमध्ये उडी मारावी लागते. मधे हवा असते. लहान मोटरमध्ये ही फट मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी, जाड कागदाची घडी जेमतेम सरकेल इतकी. लोखंडातून चुंबकत्व सहज वाहतं. हवेतून ते नेणं फार जड जातं. याचा पुरावा बाहेर खांबावरच टांगलेला आहे. डीपीवरच्या रोहित्रातही तांबं आणि लोखंडच असतं, पण त्यात हवेची फट नसते. रिकामं रोहित्र त्याच्या पूर्ण करंटच्या दोन-चार टक्केच करंट घेतं. रिकामी लहान मोटर ४० ते ५० टक्के घेते. हा सगळा फरक त्या कागदाएवढ्या फटीचा.

फटीत चुंबकक्षेत्र उभं करायला ऊर्जा लागते, पण ती खर्च होत नाही. प्रत्येक फेजमध्ये करंट वाढतो तेव्हा ऊर्जा चुंबकक्षेत्रात साठते. करंट उतरतो तेव्हा क्षेत्र कोसळतं आणि तीच ऊर्जा वायरमध्ये परत येते. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० फेऱ्या मारते, म्हणून ही देवाणघेवाण सेकंदाला १०० वेळा होते. आमच्या ५ एचपीच्या मोटरमध्ये एका फेजला दर खेपेला सुमारे अडीच जूल ऊर्जा जाते आणि येते. पाव किलो डाळ मीटरभर उचलायला लागते तेवढीच. इतकी क्षुल्लक ऊर्जा, पण सेकंदाला शंभर खेपा करायच्या म्हणून वायरमधून सतत तीन अँपिअर धावत राहतात. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणायची, लगेच परत करायची, पुन्हा आणायची: साखर संपत नाही, पण वाट मात्र दिवसभर अडलेली असते. या उसनवारीला विद्युतशास्त्रात रिऍक्टिव्ह पॉवर म्हणतात आणि ती केव्हीएआरमध्ये मोजतात.

आता या उसनवारीचा सगळ्यात विलक्षण गुण पाहू. मोटरवर ओझं कितीही असो, ती फारशी बदलत नाही. व्होल्टेज तेच असेल तर चुंबकक्षेत्र तेवढंच लागतं, आणि फटही तेवढीच राहते. आमची मोटर रिकामी असताना साधारण २.३५ केव्हीएआर उसने घेते. पाव ओझ्यावर २.४. पूर्ण ओझ्यावर ३ च्या थोडं पुढे. त्याच वेळी खरं काम करणारी वीज ०.३ किलोवॉटवरून ४.३५ किलोवॉटपर्यंत, म्हणजे चौदा पटींहून जास्त चढते. पॉवर फॅक्टर म्हणजे खरी वीज भागिले एकूण केव्हीए. पूर्ण ओझ्यावर तो ०.८२ येतो, पाव ओझ्यावर ०.४७, रिकाम्या मोटरवर ०.१३. मोटर बिघडलेली नसते. तिची भूक तीच आहे, काम मात्र कमी आहे.

दालमिलमध्ये असं काम कमी असलेल्या मोटरींचीच गर्दी असते. एमरी रोलरची मोटर खरं ओझं ओढते, कारण तुरीचं साल घासून काढणं सोपं नाही. पण एलिव्हेटर, चाळण्या, ग्रेडर, गोटा आणि चुनी वेगळी करणारी यंत्रं, सायक्लोनचा ब्लोअर, यांच्या मोटरी बहुतेक वेळ पाव-अर्ध्या ओझ्यावर फिरतात. त्या मोठ्या का लावल्या जातात, याला कारण असतं. वीज अचानक गेली की एलिव्हेटरच्या सगळ्या बकेट धान्याने भरलेल्या राहतात, आणि वीज आल्यावर मोटरला ते सगळं ओझं उभ्यानेच उचलावं लागतं. भारनियमनाची वर्षं पाहिलेला मालक तीनच्या जागी पाच एचपी लावतो आणि निश्चिंत होतो. त्या निश्चिंतीची किंमत पॉवर फॅक्टरमध्ये दिसते.

हिशेबासाठी एक नमुन्याची मिल मांडू. लहान-मोठ्या चौदा मोटरी, सगळ्या मिळून ६० एचपी, म्हणजे ४५ किलोवॉट. चालू असताना सरासरी ४० टक्के ओझं. तेव्हा ही मिल साधारण २२ किलोवॉट खरी वीज घेते आणि २८ केव्हीएआर उसने. एकूण किती? बेरीज ५० होत नाही, ३५.६ केव्हीए होते. कारण ही दोन्ही एकाच वेळी शिखरावर नसतात. काम करणारा करंट व्होल्टेजबरोबर चढतो-उतरतो. चुंबक भरणारा करंट पाव फेरी मागे, म्हणजे एका सेकंदाच्या दोनशेव्या भागाने, ५ मिलिसेकंदांनी उशिरा शिखर गाठतो. पाव फेरी म्हणजे काटकोन, आणि काटकोन आला की शाळेतला पायथागोरस येतो: २२ चा वर्ग अधिक २८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. पॉवर फॅक्टर झाला २२ भागिले ३५.६, म्हणजे ०.६२. मेन केबलमधून सुमारे ५० अँपिअर जातात.

महावितरणला हे का खुपतं, हेही यातच आहे. केबल, डीपीवरचं रोहित्र, उपकेंद्र या सगळ्यांना करंटचं ओझं होतं, मग तो कामाचा असो की उसनवारीचा. तार तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. रब्बीच्या दिवसांत कृषिपंपांना कपॅसिटर लावा, डीपी जळणार नाही, असं आवाहन शेतकऱ्यांना केलं जातं, त्यामागे हेच गणित आहे. कारखान्यांसाठी आवाहनाऐवजी दराची भाषा असते. २० किलोवॉटच्या वर भार असलेल्या लघुदाब औद्योगिक ग्राहकाला मागणी आकार केव्हीएवर लागतो, म्हणजे २२ किलोवॉटच्या कामासाठी ३६ केव्हीएची जागा अडवल्याचे पैसे. शिवाय पॉवर फॅक्टर ०.९० च्या खाली गेला की दंड, ही जुनी रीत. उच्चदाब ग्राहकांना तर १ एप्रिल २०२० पासून युनिटच केव्हीएएचमध्ये मोजलं जातं, म्हणजे दंडाची वेगळी ओळ न लिहिता तो युनिटांतच बसलेला असतो. याउलट अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दालमिल चालवणाऱ्या गावातल्या लहान गटाला हे काहीच भेडसावत नाही, कारण २० किलोवॉटच्या आतल्या ग्राहकाच्या बिलात फक्त खरी युनिटं मोजली जातात.

उपाय कपॅसिटर हा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. तो नेमकं करतो काय, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. कपॅसिटरही ऊर्जा साठवतो आणि परत देतो, पण चुंबकक्षेत्रात नाही, दोन पातळ धातूच्या थरांमधल्या विद्युतक्षेत्रात. त्याचा करंट व्होल्टेजच्या पाव फेरी पुढे असतो, ५ मिलिसेकंद आधी. मोटरचा ५ मिलिसेकंद उशिरा, कपॅसिटरचा ५ मिलिसेकंद आधी: दोघांत १० मिलिसेकंदांचं, म्हणजे बरोबर अर्ध्या फेरीचं अंतर पडलं. म्हणून ज्या क्षणी मोटरला चुंबक भरायला ऊर्जा हवी असते, नेमक्या त्याच क्षणी कपॅसिटर रिकामा होत असतो. आणि मोटर ऊर्जा परत करते तेव्हा तो भरत असतो. कुणी त्यांना वेळापत्रक दिलेलं नाही. एकाच व्होल्टेजला जोडलं, एवढं पुरलं. मोटरची भूक कायम आहे, फक्त उसनवारी आता भिंतीवरच्या डब्याशी होते. डीपीपर्यंत, उपकेंद्रापर्यंत जाणारी वाट मोकळी झाली.

किती केव्हीएआर लावायचे? पॉवर फॅक्टर ०.९७ वर आणायचा ठरवला तर २२ किलोवॉटसोबत जास्तीत जास्त साडेपाच केव्हीएआर उसने राहू देता येतात. २८ मधून साडेपाच गेले, राहिले २२.५. बाजारात कपॅसिटर बहुधा ४४० व्होल्टच्या रेटिंगचे मिळतात आणि आपला पुरवठा ४१५ चा. कपॅसिटरचे केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाने बदलतात, म्हणून ४४० ला २५ केव्हीएआर लिहिलेला संच ४१५ ला सुमारे २२.२ देतो. आपल्याला हवे तेवढेच. तो जोडला की मेन केबलमधले ५० अँपिअर ३२ वर येतात आणि ३६ केव्हीएची मागणी २३ वर.

इथे बरेच मालक थांबतात. २५ केव्हीएआरचा संच मेन पॅनलला कायमचा जोडून टाकतात आणि पुढच्या बिलाची वाट पाहतात. ते बिल पाहून धक्का बसतो. आमची मिल दिवसाला आठ तास, महिन्याला २५ दिवस चालते असं धरू, म्हणजे २०० तास. तेवढ्यात ४,४०० युनिटं जातात. दिवसा अजून थोडी उसनवारी उरते: २८ वजा २२.२, म्हणजे ५.८ केव्हीएआर, २०० तासांत ११६० केव्हीएआर-तास. ही मीटरमध्ये लॅगच्या खात्यात जमा होते. पण महिन्यात तास ७२० असतात. उरलेले ५२० तास मिल बंद, मोटरी थंड, आणि कपॅसिटर मात्र चालूच. आता त्याच्याकडून उसनं घ्यायला कुणी नाही, म्हणून तो लाइनशीच उलटी उसनवारी करत बसतो. २२.२ गुणिले ५२०, म्हणजे ११,५०० हून जास्त केव्हीएआर-तास लीडच्या खात्यात.

मालकाला वाटतं, लॅग आणि लीड उलट आहेत, तेव्हा वजाबाकी होईल. तशी होत नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशातलं सूत्र दोन्हींची बेरीज करतं:

kVAh = √( kWh² + (RkVAh Lag + RkVAh Lead)² )

आकडे घालून पाहा. ११६० अधिक ११,५४४ म्हणजे १२,७०४. त्याचा वर्ग, त्यात ४,४०० चा वर्ग मिळवला, वर्गमूळ काढलं तर सुमारे १३,४४०. पॉवर फॅक्टर झाला ४,४०० भागिले १३,४४०, म्हणजे ०.३३. कपॅसिटर नव्हता तेव्हा ०.६२ होता! औषध घेतलं आणि रोग दुप्पट झाला. २०१८ च्या दर-आदेशानंतर लीड अशी हिशेबात आली, तेव्हा वर्षानुवर्षं कायमचे कपॅसिटर लावून निवांत बसलेल्या अनेक उद्योगांना याचा चटका बसला. आणि हे बेरजेचं सूत्र अन्यायाचं वाटलं तरी त्यामागे भौतिक सत्य आहे. रात्री अकराला होणारी लीड दुपारी तीनच्या लॅगला फेडू शकत नाही. दुपारी तार तापली ती तापली, रात्री ती पुन्हा तापली. तारेच्या दृष्टीने दोन्ही ओझीच. वर रात्रीची लीड लाइनचं व्होल्टेज वर ढकलते, तेव्हा ते तसंही वाढलेलंच असतं.

तेच ११६० लॅग, पण लीड शून्य, असा हिशेब केला तर केव्हीएएच ४,५५० येतात आणि पॉवर फॅक्टर ०.९६७. म्हणजे सगळी मेख एका गोष्टीत आहे: मोटर बंद झाली की तिच्या वाटचा कपॅसिटरही बंद झाला पाहिजे.

आणि इथे हलक्या ओझ्याच्या मोटरींचा दोषच गुण होऊन उभा राहतो. मोटरची उसनवारी ओझ्याप्रमाणे बदलत असती तर प्रत्येक मोटरला बदलता कपॅसिटर लागला असता. पण ती जवळपास स्थिर असते, म्हणून उत्तरही स्थिर चालतं. प्रत्येक मोटरच्या स्टार्टरनंतर, तिच्याच टर्मिनलला, तिच्या मापाचा लहान कपॅसिटर. स्टार्टर दाबला की दोघं चालू, बंद केला की दोघं बंद. आमच्या ५ एचपीच्या मोटरला प्रत्यक्ष २ केव्हीएआर देणारा कपॅसिटर लावला तर पूर्ण ओझ्यावर पॉवर फॅक्टर ०.८२ वरून ०.९७ होतो आणि पाव ओझ्यावर ०.४७ वरून ०.९५. कुठलाही कंट्रोलर नाही, कुणी लक्ष ठेवायला नाही. चौदाही मोटरींना असं केलं तर सगळे मिळून साधारण २३ केव्हीएआर बसतात, म्हणजे मघाशी काढलेल्या आकड्याच्या जवळच. रात्री मिल बंद झाली की लीडचा प्रश्नच उरत नाही.

मग २.३५ केव्हीएआर लागतात तर २ च का, ३ का नको? कारण टर्मिनलवरच्या कपॅसिटरची एक मर्यादा पक्की आहे: मोटर रिकामी असताना जेवढे केव्हीएआर घेते, त्याच्या ९० टक्क्यांच्या वर जायचं नाही. त्यामागचं कारण चमत्कारिक आहे. ब्लोअरचा जड पंखा स्टार्टर बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतो. रोटरमध्ये थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, ते वाइंडिंगमध्ये बारीकसं व्होल्टेज निर्माण करतं. कपॅसिटर मोठा असेल तर तो या व्होल्टेजवर चुंबकी करंट पुरवतो, त्याने चुंबकत्व वाढतं, त्याने व्होल्टेज आणखी वाढतं. लाइनपासून तुटलेली मोटर स्वतःच जनित्र बनते. डोंगराळ भागात लहान ओढ्यांवर अशीच मोटर आणि कपॅसिटर मिळून वीज तयार करतात, तिथे ते हवंच असतं. इथे मात्र स्टार्टर बंद आहे म्हणून वायरमन टर्मिनल बॉक्स उघडतो आणि आत जिवंत व्होल्टेज असतं, कधी लाइनपेक्षाही जास्त. म्हणून रिकाम्या मोटरचा करंट आधी क्लिप मीटरने मोजायचा, त्याला ०.७२ ने गुणलं की ४१५ व्होल्टवर केव्हीए मिळतात, आणि त्याच्या ९० टक्क्यांच्या आतच राहायचं. बेल्ट काढून मोजलं तर उत्तम.

दुसरी सावधगिरी ओव्हरलोड रिलेची. कपॅसिटर रिलेच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडला तर रिलेतून जाणारा करंट कमी होतो. आमच्या मोटरचा पूर्ण ओझ्याचा करंट ७.४ वरून ६.२ अँपिअर दिसेल. रिले जुन्याच ७.४ वर ठेवला तर मोटर जळेपर्यंत तो गप्प बसेल. एक तर रिलेचं सेटिंग खाली आणा, नाही तर कपॅसिटर रिलेच्या आधी जोडा. स्टार-डेल्टा स्टार्टर असलेल्या मोठ्या मोटरला टर्मिनलवर थेट कपॅसिटर लावूच नये. त्याला स्वतंत्र कॉन्टॅक्टर द्यावा, जो डेल्टा लागल्यावरच जोडला जाईल.

एपीएफसी पॅनलचं काय, असा प्रश्न येतो. तो पॅनल मेनवरचा करंट पाहून कपॅसिटरचे टप्पे आपोआप जोडतो-तोडतो. मोटरी पन्नासाहून जास्त असतील, त्या दिवसभर आळीपाळीने चालू-बंद होत असतील, तर तोच बरा, कारण पन्नास ठिकाणी पन्नास लहान कपॅसिटर सांभाळणं कुणाला होत नाही. पण त्याचा लाभ मेन पॅनलच्या वरच्या बाजूलाच मिळतो. पॅनलपासून मोटरपर्यंतच्या आतल्या केबलमध्ये उसनवारी आधीइतकीच धावत राहते. टर्मिनलवरचा कपॅसिटर ती केबलही मोकळी करतो. कारखान्यात व्हीएफडी बरेच असतील तर वेगळी पंचाईत: त्यांच्या हार्मोनिक्स करंटशी कपॅसिटरचा सूर जुळला तर तो फुगून फुटतो. तिथे मालिकेत रिऍक्टर असलेलेच कपॅसिटर लागतात आणि काम जाणकाराकडे द्यावं लागतं.

वऱ्हाडात कपॅसिटरचा मोठा वैरी मात्र ऊनच. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जाणं नवीन नाही. पत्र्याच्या शेडखालच्या बंद पॅनलमध्ये तो आणखी वर जातो. डी वर्गाचा कपॅसिटरही जास्तीत जास्त ५५ अंशांच्या भोवतालच्या हवेसाठी आणि दिवसभराच्या सरासरी ४५ अंशांसाठी बनवलेला असतो. आतल्या प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर उष्णतेने बारीक बारीक छेद पडत जातात. प्रत्येक छेदापाशी धातूचा थर थोडा उडून जातो आणि कपॅसिटर स्वतःला वाचवतो, पण दर खेपेला त्याचं माप थोडं घटतं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून तो सावलीत, हवेशीर जागी, भुशापासून दूर बसवावा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी क्लिप मीटर लावून त्याचा करंट पाहावा. ४४० व्होल्टला ५ केव्हीएआर लिहिलेला कपॅसिटर ४१५ ला दर फेजला सुमारे ६.२ अँपिअर घेतो. मीटरवर ४ दिसले तर त्याचा तिसरा हिस्सा गेलेला आहे. एका फेजला शून्य दिसलं तर फ्यूज उडालाय किंवा त्या फेजची जोडणी तुटलीय. हात लावण्याआधी वीज बंद करून किमान तीन मिनिटं थांबावं, मग मीटरने व्होल्टेज तपासावं, कारण बंद केलेला कपॅसिटर काही वेळ भरलेलाच असतो.

कपॅसिटर काय करत नाही, हेही ठाऊक हवं. तो खरी युनिटं वाचवत नाही. आतल्या केबल थोड्या कमी तापतात, तेवढीच किरकोळ बचत. घरच्या प्लगमध्ये खोचून बिल निम्मं करणारे डबे विकले जातात, त्यांच्या आत असाच एक लहान कपॅसिटर असतो. घरगुती बिल फक्त युनिटांवर येत असल्यामुळे तो डबा काहीच वाचवत नाही. दालमिलमध्ये खरी युनिटं वाचवायची तर रिकामे फिरणारे एलिव्हेटर बंद करणं आणि मोटर जळली की रिवाइंडिंग करण्याऐवजी योग्य मापाची नवी घेणं, हे दोन मार्ग. कायम एक तृतीयांशाच्या खाली ओझं असलेली डेल्टातली मोटर स्टारमध्ये चालवता येते: वाइंडिंगवरचं व्होल्टेज ५८ टक्क्यांवर येतं आणि उसनवारी तिसऱ्या हिश्शावर. पण सुरू होण्याची ताकदही तिसरा हिस्साच उरते, म्हणून भरलेल्या बकेट उचलणाऱ्या एलिव्हेटरला हा उपाय चालत नाही. हवेच्या पंख्याला चालू शकतो, तेही आधी करंट आणि तापमान पाहून.

या सगळ्या विद्येची उलटी बाजू अकोल्यातच पाहायला मिळते. तिरोड्याहून कोराडीमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी ७६५ केव्हीची वाहिनी अकोला-२ उपकेंद्रातून जाते. शेकडो किलोमीटर लांबीच्या त्या तारा आणि खालची जमीन मिळून एक अवाढव्य कपॅसिटर बनतो. रात्री भार कमी झाला की तो उलटी उसनवारी करू लागतो आणि व्होल्टेज चढतं. आमच्या मिलमधल्या विसरलेल्या कपॅसिटरने केलं, तेच, पण हजारो पट मोठ्या मापाने. म्हणून अशा वाहिन्यांच्या टोकांना रिऍक्टर बसवलेले असतात. रिऍक्टर म्हणजे काय, तर लोखंडी गाभ्यात मुद्दाम फटी ठेवलेली वाइंडिंग. मोटरमधली जी फट दालमिल मालकाला दंड घडवते, तीच इथे अभियंते हौसेने ठेवतात, कारण वाहिनीची जास्तीची ऊर्जा दर फेरीत साठवून परत द्यायला त्यांना नेमकी तेवढीच भूक हवी असते.

म्हणून कपॅसिटर बसवल्यावर पहिलं काम बिलाची वाट पाहण्याचं नाही. मिल बंद झाल्यावर मीटरचं बटण दाबत RkVAh Lead ची नोंद वहीत लिहावी आणि सकाळी मोटर चालू करण्याआधी ती पुन्हा पाहावी. आकडा हलला नसेल तर काम बरोबर झालं. हलला असेल तर एखादा कपॅसिटर बंद व्हायचा राहिलाय, हे त्या रात्रीतच कळतं, महिनाभर थांबावं लागत नाही.